चौदा जिलेब्यांचा घाणा

सव्वीस जानेवारीच्या सकाळी कोल्हापुरात जिलेबी घेतल्याशिवाय माणूस घरी परतत नाही. झेंडावंदन उरकलं की पोरं शाळेच्या गणवेशातच बापाच्या गाडीवर पुढं उभी राहतात, आणि गाडी थांबते ती चौकातल्या जिलेबीच्या मांडवापाशी. आमच्या पेठेतलं तरुण मंडळही दरवर्षी एक मांडव घालतं. नफ्याचे पैसे गणपतीच्या वर्गणीत जातात. यंदा मात्र नफा सोडा, साडेसातच्या सुमाराला एक गृहस्थ अर्धा किलोचा पुडा परत घेऊन आले. भांडले नाहीत. पुडा उघडून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "खाऊन बघा तुम्हीच."

खाल्ली. जिलेबी दिसायला झकास होती, केशरी, गोल, वेढे सुटे. पण दाताखाली कुर्र झालंच नाही. भिजलेल्या पापडासारखी वाकली, आणि आत पाकाऐवजी चिकट, मैद्याचा गोळा वाटावा असं काहीतरी लागलं. गंमत म्हणजे सकाळी सहाला आम्हीच चहाबरोबर खाल्लेली जिलेबी अगदी हवी तशी झाली होती. पीठ तेच, पाक तोच, तळणारा हातही तोच. दीड तासात काय बिघडलं?

मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. एखादं कास्टिंग नाकारलं गेलं की ते का नाकारलं गेलं याचा कागद करायचा, ही माझी रोजची भाकरी. म्हणून हाही कागद केला. फक्त लोखंडाऐवजी मैद्याचा.

आधी सरंजाम सांगतो. मैदा 10 किलो. त्यात अर्धा किलो बेसन, दोन किलो आंबट दही आणि पाणी घालून पीठ आदल्या दिवशी दुपारी भिजवलेलं. थंडी असल्यामुळं आंबायला अठरा तास दिले. सकाळी पिठावर बारीक बुडबुडे होते आणि वास आंबूस होता. चमच्यातून सोडलं की फितीसारखं पडत होतं, तुटत नव्हतं. पीठ चांगलं होतं, त्याच्यावर पुढं संशय घेतला गेला म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्यात केशरी रंग घातला होता. हा रंग या गोष्टीत नंतर फितुरी करणार आहे.

तळायला तई. तई म्हणजे सपाट बुडाची, उथळ, रुंद कढई. गोल बुडाच्या कढईत जिलेबी पाडायला गेलं तर तेल मध्ये खोल असतं, वेढे तरंगत एकमेकांपासून लांब जातात आणि आकार फिस्कटतो. तईत तेल जेमतेम सव्वा इंच ठेवतात. पिठाची धार बुडाला टेकते, तिथंच क्षणभर धरते, मग वर येते, म्हणून वेढा जागचा हलत नाही. आमची तई दीड फूट रुंद, तिच्यात पाच लिटर तेल.

पीठ सोडायला जाड मांजरपाटाचं फडकं, मधोमध भोक, आणि भोकाला शर्टाच्या काजासारखी शिवण. शिवण नसली तर भोक तासाभरात फाकतं आणि धार जाड होत जाते. हाताची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी असते. आमच्याकडं तळायला बसलेले काका आतून सुरू करतात, बाहेर अडीच-तीन वेढे घेतात आणि शेवटची धार पुन्हा आडवी नेऊन मध्यावर तोडतात. ही आडवी धार म्हणजे जिलेबीची कडी. ती नसेल तर झाऱ्यानं उचलताना स्प्रिंगसारखी उलगडते. काका वर्षभर लग्नाची जेवणं करतात. मठ्ठा-जिलेबीच्या पंगती त्यांनी शेकड्यानं वाढल्या असतील. हाताबद्दल शंका नव्हतीच.

पुडा परत आल्यावर मांडवात पहिला निकाल लागला तो पाकाविरुद्ध. "पाक पातळ झालाय ओ," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. मऊ जिलेबी म्हणजे पातळ पाक, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं आणि ते पूर्ण खोटंही नाही. पाक एकतारीपेक्षा पातळ असला, तर त्यातलं मोकळं पाणी जिलेबीच्या भिंतीत शिरतं आणि कुरकुरीतपणा जातो. घट्ट पाकात साखरच पाण्याला धरून ठेवते, ते भिंतीला सहजी मिळत नाही. म्हणूनच जिलेबी पाकानं भरलेली असूनही काही तास कडक राहू शकते. एरवी ही गोष्ट चमत्कारिकच आहे. पाण्यात बुडवलेली शेव कधी कुरकुरीत राहिली आहे का?

तर पाकाचं पातेलं पुन्हा मोठ्या जाळावर चढलं. दहा मिनिटं खदखदला. एकतारीचा दोनतारी झाला. त्यात पुढच्या जिलेब्या पडल्या तेव्हा आणखी वाईट घडलं. जाड पाक आत शिरेना, वरच बसला. पाचेक मिनिटांत जिलेबीवर पांढरी साखर धरली, चिरोट्यावर पिठीसाखर भुरभुरावी तशी. आत चिकट पीठ, बाहेर साखरेचा खडा. मग कुणी गरम पाणी मारलं, कुणी लिंबू पिळलं. लिंबू खरं तर पाक करतानाच पिळायचं असतं. आंबटामुळं उकळताना साखरेचा काही भाग फुटतो आणि उरलेल्या साखरेला खडा धरता येत नाही. एकदा खडे पडायला लागल्यावर पिळलं की फक्त आंबट लागतं.

आबांचं मत वेगळं होतं. आबा म्हणजे काकांच्या आधी चाळीस वर्षं हीच तई सांभाळलेले. आता हात कापतो म्हणून खुर्चीवर बसून देखरेख करतात. ते म्हणाले, "पीठ गार पडलंय. गार पीठ तेलाला मारतंय." थंडी होतीच, पिठाच्या डब्याला हात लावला तर गार लागत होता. पाकाच्या तर्कापेक्षा हा तर्क मला जास्त पटला. पण तोही नंतर अर्धाच खरा निघाला.

नऊच्या सुमाराला गर्दी ओसरली, आणि सांगायला लाज वाटते, जिलेबी आपोआप सुधारली. कुणी काहीच केलं नव्हतं. घरी जाताना डोक्यात तेवढंच घोळत होतं. चूक गर्दीबरोबर आली आणि गर्दीबरोबर गेली.

पुढच्या रविवारी काकांच्या परसात तीच तई, तोच बर्नर आणि तेच फडकं घेऊन बसलो. दोन किलो मैद्याचं पीठ त्याच मापानं भिजवलेलं. मी फाउंड्रीतून तापमान मोजायचा थर्मोकपलचा मीटर आणला होता आणि बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा. काकांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. पण त्या दिवशीच्या पुड्याचा सल त्यांनाही होताच.

सव्वीस तारखेच्या सकाळी सहाला काका एका घाण्यात आठ जिलेब्या पाडत होते. सातनंतर रांग वाढली तशी कार्यकर्त्यांनी घाई केली आणि घाणा चौदांवर गेला. तईत जागा होती, चौदा आरामात मावत होत्या. म्हणून कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही तेच पुन्हा केलं. तेल 172 अंशांवर स्थिर केलं. आठ पाडल्या. मीटर उतरत गेला आणि 161 वर थांबला, मिनिटभरात पुन्हा वर चढायला लागला. त्या काढल्या, तेल परत 172 वर येऊ दिलं आणि चौदा पाडल्या. जाळ तेवढाच. या वेळी मीटर उतरतच राहिला आणि 146 वर जाऊन टेकला. दोन मिनिटं झाली तरी तो 150 च्या खालीच घुटमळत होता.

आता दोन्ही घाण्यांतल्या जिलेब्या दोन-दोन मिनिटांनी काढून एकाच पाकात, एकाच वेळी सोडल्या. अर्ध्या मिनिटानं उचलल्या. आठांतली कुर्र वाजली. चौदांतली वाकली. पाक एकच होता, म्हणजे तो सुटला. रंग? दोन्हींचा जवळजवळ सारखा. पिठातच केशरी रंग असल्यामुळं कच्ची जिलेबीसुद्धा तळलेल्यासारखी दिसते. रंग न घातलेल्या पिठात फिकट पांढुरकी जिलेबी डोळ्यांनीच पकडता आली असती. इथं डोळ्यांना लाच मिळाली होती.

काट्यानं मात्र लाच खाल्ली नाही. एका जिलेबीला पीठ लागत होतं साधारण 30 ग्रॅम. आठांच्या घाण्यातली तळून निघाल्यावर 21 ग्रॅम भरली, चौदांच्या घाण्यातली 24. हे तीन ग्रॅम म्हणजे न निघालेलं पाणी. ते जिलेबीच्या भिंतीतच बसलेलं होतं, आणि भिंत मऊ पाडायला तेवढं भरपूर झालं. म्हणजे जिलेबी पाकात पडण्याआधीच मऊ ठरलेली होती.

इथं आबांच्या गार पिठाचा हिशोबही लागतो. सामान्य समज असा की गार पदार्थ तेलात पडला की तो तापवण्यात तेलाची उष्णता जाते. जाते, पण थोडी. एक ग्रॅम पाणी अगदी बर्फाइतक्या थंडपणापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच एक ग्रॅमची वाफ करायला लागते. पिठातलं निम्म्याहून अधिक वजन पाण्याचंच. तेलाला खरी मार बसते ती या वाफेची. पीठ पंधरा अंशांचं असो की तीस, तेलाला दोन-चार अंशांचाच फरक. चौदा जिलेब्या आणि आठ जिलेब्या यांच्यातला फरक पंधरा अंशांचा. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण गार पीठ धार धरत नाही, त्याचं काय?" तेही बरोबर होतं. गार पीठ घट्ट होतं, धार खुंटत पडते, वेढे जाड होतात आणि जाड वेढ्यातून वाफ निघायला आणखी वेळ लागतो. तेव्हा आबांचं निदान तेलाबद्दल चुकलं, पण पिठाबद्दल नाही. पिठाचं पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवलं की हे प्रकरण मिटतं. भट्टीला चिकटवून मात्र ठेवू नये, तिथं ते तासाभरात जास्त आंबून पातळ होतं आणि वेढे तेलात पसरतात.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडत होती, जी मला काकांनी स्वतःहून सांगितली. घाणा मंदावला हे त्यांच्या हाताला कळत होतंच. म्हणून त्यांनी जाळ पूर्ण सोडला. पण फडक्यात पीठ भरायला ते उठत, कुणाशी बोलत, पाकातल्या जिलेब्या परातीत काढत, तोवर रिकामं तेल पेटल्यासारखं तापे. पुढच्या घाण्यातली पहिली धार पडली की टरकन फुगे, वेढा वळवळे, तुटे. हेही आम्ही मोजलं. रिकाम्या तईखाली पूर्ण जाळ दोन मिनिटं ठेवला तर तेल 195 च्या पुढं गेलं. म्हणजे एकाच घाण्यातल्या पहिल्या दोन-तीन जिलेब्या जास्त तापलेल्या तेलात पडत होत्या आणि शेवटच्या चार-पाच निवलेल्या तेलात. एका पुड्यात दोन्ही. पहिलीची साल वरून करपट, घट्ट, आत ओली. शेवटची चपटी, तेलकट, एकमेकीला चिकटलेली. ते गृहस्थ घेऊन आले होते त्या पुड्यात बहुधा अशा शेवटच्याच जास्त होत्या.

तेल योग्य आहे हे मीटरशिवाय ओळखायचं तर एक थेंब पीठ सोडून बघावं. थेंब तळाला जायला हवा आणि दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा. खालीच रेंगाळला तर तेल थंड. खाली न जाता वरच फुगून गरगर फिरला तर तेल फार तापलंय, जाळ कमी करून थांबावं. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण लोक ते सकाळी एकदाच बघतात. बघायला हवं ते प्रत्येक घाण्याआधी, कारण सकाळचं तेल आणि तिसऱ्या घाण्यानंतरचं तेल यांचा काही संबंध उरलेला नसतो. आमच्या मोजणीत चौदांचे घाणे लागोपाठ काढले तेव्हा तिसरा घाणा सुरू झाला तो 158 वरच, आणि तिथून खाली गेला.

जिलेबी कधी काढायची, याला मी आधी मिनिटांत उत्तर शोधत होतो. आठांच्या घाण्याला दोन मिनिटं पुरली, चौदांच्या घाण्याला साडेतीन मिनिटं दिली तरी ती नीट वाळली नाही, नुसती तेल पीत राहिली. म्हणजे घड्याळ इथं फारसं कामाचं नाही. काकांचा कान कामाचा होता. जिलेबी पडली की तिच्याभोवती बुडबुड्यांचा दाट फेस येतो आणि पावसाच्या सरीसारखा एकसारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पाण्याची वाफ बाहेर पडतेय. मिनिटाभरानं काका सळईनं ती उलटतात, तेव्हा आवाज पुन्हा जरा वाढतो. मग हळूहळू सर विरळ होते, बुडबुडे सुटे-सुटे होतात, मोठे आणि आळसावलेले. त्या वेळी झाऱ्यानं जिलेबीला टिचकी मारली की मडक्यासारखा पोकळ आवाज येतो आणि झाऱ्यावर ती खडखडते. चौदांच्या घाण्यात दोन मिनिटांनी काढलेल्या जिलेब्यांभोवती अजून दाट फेस होता. काकांनी ते पाहिलं नव्हतं असं नाही. रांगेतून "झाल्या का, झाल्या का" ऐकून त्यांनी तरीही झारा घातला.

आता पाकाचा क्षण. मला स्वतःला या सगळ्या उद्योगातला हाच भाग सर्वांत जास्त आवडला.

चांगली तळलेली जिलेबी मोडून बघितली तर वेढा आतून नळीसारखा पोकळ असतो. तेलात पडताच धारेची बाहेरची बाजू लगेच धरते, आतलं पाणी वाफ होऊन फुगतं आणि मधला लगदा बाजूला ढकलून कडेच्या भिंतीला चिकटवतं. जिलेबी तेलातून निघते तेव्हा ही नळी वाफेनं भरलेली असते. ती निवायला लागली की वाफेचं पाणी होतं, आणि वाफेच्या मानानं पाण्याला जागा लागते जवळजवळ शून्य. नळीत ओढ तयार होते. भिंतीत बारीक छिद्रं असतातच. त्या क्षणी बाहेर जे ओलं असेल ते आत खेचलं जातं. बाहेर पाक असला तर पाक. परातीत निथळत ठेवली असेल तर तिच्या अंगावरचं तेल.

हे खरं की पुस्तकी, ते बघायला एका घाण्यातल्या जिलेब्या तीन वाट्यांत वाटल्या. पहिल्या तेलावरच तीन-चार सेकंद झाऱ्यात निथळून थेट पाकात. दुसऱ्या परातीत एक मिनिट ठेवून. तिसऱ्या तीन मिनिटं, म्हणजे बोटाला गार लागेपर्यंत. सगळ्या पाकात अर्धा मिनिट बुडवल्या, मग जाळीवर ठेवून काट्यावर चढवल्या. थेट पाकात गेलेली 21 ग्रॅमची जिलेबी 41 ग्रॅम झाली. मिनिटभर थांबलेली 35. तीन मिनिटं थांबलेली 29, आणि तीही मुख्यतः अंगावरच्या पाकानं, मोडल्यावर आत नळ्या रिकाम्या आणि तेलकट. चवीत तर फरक सांगायलाच नको. पहिली दाताखाली फुटली की पाक जिभेवर येतो. तिसरी म्हणजे गोड लावलेली तळलेली फीत.

सव्वीस तारखेला आमच्याकडं हेही झालं होतं. तळणारे काका एकटे, आणि पाकाचं पातेलं रांगेच्या सोयीसाठी टेबलाच्या पलीकडं. जिलेब्या आधी परातीत जमा व्हायच्या, मग एखादा कार्यकर्ता वेळ मिळेल तेव्हा त्या पाकात लोटायचा. तेलकट लागतात अशी तक्रारही दोघांनी केली होती. ती आम्ही तेलाच्या डब्यावर ढकलली होती.

पाक किती गरम, हा शेवटचा प्रश्न. एकतारी पाक उकळताना मीटरवर 105 च्या आसपास होता. तेवढ्या कडक पाकात जिलेबी सोडली तर ती निवतच नाही. आतली वाफ वाफच राहते, ओढ लागत नाही आणि पाक आत जात नाही, उलट त्या उष्णतेत साल मात्र मऊ पडायला लागते. थंड पाक दुसऱ्या टोकाला. तो दाट होतो, मधासारखा, छिद्रांतून शिरायला वेळ घेतो आणि तोवर ओढ संपून जाते. मांडवात पातेलं उघड्या वाऱ्यावर होतं, जाळाशिवाय. साडेसातपर्यंत ते नक्कीच निवलेलं असणार. त्या दिवशी मोजलं नाही, पण आठवतंय की बोट घातलं तर पाक भाजत तर नव्हताच, धड गरमही लागत नव्हता. परसात आम्ही पाक 55 ते 60 अंशांच्या दरम्यान ठेवला. पातेल्याला बाहेरून हात लावला तर चांगलं गरम लागावं, हात ठेवून मात्र राहता येऊ नये, असा. त्यासाठी पातेलं मोठ्या परातीतल्या गरम पाण्यात बसवलं. थेट जाळावर, कितीही मंद असला तरी, पाक आटत जातो आणि नकळत दोनतारीकडं सरकतो. दर वीस मिनिटांनी दोन बोटांत धरून तार बघितली. वर साठलेला तेलाचा तवंग पळीनं काढला. तो राहू दिला तर प्रत्येक जिलेबी पाकात शिरताना आधी तेलातून जाते.

पाकात बुडवून ठेवायला पाऊण मिनिट खूप झालं. एक बाजू वीस सेकंद, उलटून वीस सेकंद. मुरू दे, मुरू दे म्हणत पाच मिनिटं ठेवली तर पाक आणखी आत जात नाही. पहिल्या काही सेकंदांत जी ओढ होती तेवढंच काम होतं. नंतर फक्त साल ओली होत राहते. जाड इमरतीची गोष्ट वेगळी, ती उडदाची आणि भरीव, तिला वेळ द्यावा लागतो.

पंधरा ऑगस्टला मांडव पुन्हा घातला. या वेळी दोन बर्नर, दोन तया, दोन्हींत घाणा आठांचाच. पाकाचं पातेलं काकांच्या डाव्या हाताशी, झारा वळवला की पाकावर. दुसऱ्या तईवर काकांचा भाचा. तळणारा तळायचंच काम करणार, परात आणि पुडे दुसऱ्यांकडं. पिठात रंग नाही, फक्त चिमूटभर हळद. घाणा आणि घाणा यांच्यामध्ये जाळ बारीक करायचा आणि फडकं हातात तयार असेल तेव्हाच मोठा करायचा, हे भाच्याला दोनदा सांगावं लागलं. पावसाळी हवेचा मात्र काही इलाज सापडला नाही. जानेवारीत दुपारपर्यंत कडक राहणारी जिलेबी ऑगस्टात तासा-दीड तासात नरम पडते, हवेतलं पाणीच ती ओढून घेते. झाकणबंद पुड्यात गरम जिलेबी भरली तर आणखी लवकर, तिच्याच वाफेनं. म्हणून पुडे उघडेच दिले, वर नुसता कागद टाकून. घरी नेऊन लगेच खा, असं प्रत्येकाला सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी डिकीत टाकून पन्हाळ्याला नेली.

आठ वाजता रांग चौकातून वळून पलीकडं गेली होती. मागून एक कार्यकर्ता काकांच्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, जागा आहे की तईत. चार-पाच वाढवा ना." काकांनी फडकं उचललं नाही. तईतल्या आठांभोवतीचा फेस विरळ होत होता, तिकडं बघत ते म्हणाले, "थांब जरा. तेल दमलंय." खुर्चीवर बसलेल्या आबांनी मान डोलावली आणि रांगेतल्या पहिल्या बाईंना सांगितलं की अजून अर्धं मिनिट लागेल.